जड गेट खाली बसू नये म्हणून

भाऊ, बिजागऱ्या महागाच्या घेण्याआधी त्यांच्यातलं अंतर वाढव. तुझं गेट 100 किलोचं, 10 फूट रुंद. बिजागऱ्या अडीच फुटांवर ठेवल्यास तर वरची खांबाला 200 किलोंनी ओढेल. 4 फुटांवर ठेवल्यास तर 125 किलोंनी.

तिरपा पाइप खालच्या बिजागरीपासून वरच्या मोकळ्या कोपऱ्याकडे लाव. पातळ पट्टी मात्र उलट, वरच्या बिजागरीपासून खाली, कारण ती ताण घेते, दाब नाही. माझ्या पहिल्या गेटची पट्टी चुकीच्या कोपऱ्यात होती. महिन्याभरात धनुष्यासारखी वाकली.

खांबांमध्ये गेटपेक्षा दोन इंच जास्त जागा सोड. आणि आपल्या नागपूरची काळी माती पावसात फुगते, खांब कलतात. दोन्ही खांब जमिनीखालून काँक्रीटच्या बीमने जोडून घे.