बर्नरची बुजलेली भोके आतून बाहेर मोकळी करावीत

प्रश्न: आमच्या शेगडीच्या मोठ्या बर्नरची ज्योत एका बाजूला पिवळी पेटते आणि दुसऱ्या बाजूला काही भोके पेटतच नाहीत. लिंबू आणि सोड्याच्या पाण्यात रात्रभर ठेवला, तरी फरक नाही. घरच्या घरी नीट होईल का?

होईल. दुसऱ्या बर्नरची ज्योत व्यवस्थित निळी असेल, तर सिलिंडर आणि रेग्युलेटर ठीक आहेत आणि दोष त्या एका बर्नरपुरताच आहे. काही भोके अजिबात पेटत नाहीत, यावरून ती बुजली आहेत हेही स्पष्ट होते. उरलेल्या भोकांतली ज्योत पिवळी का होते, हे मात्र आधी समजून घ्यावे, कारण साफसफाईची दिशा त्यावरून ठरते. जेटच्या बारीक भोकातून गॅस जोराने नळीत शिरतो आणि जाताना आजूबाजूची हवा आपल्याबरोबर ओढून नेतो. गॅसला सिलिंडरकडून दाब मिळतो, हवेला तो मिळत नाही. ती केवळ ओढली जाते. बर्नरची निम्मी भोके बुजली की मिश्रणाला बाहेर पडायला वाट अपुरी पडते, आत दाब तुंबतो, आणि गॅस तरीही येत राहिला तरी हवा पुरेशी ओढली जात नाही. हवा कमी पडली की ज्योत पिवळी, लांब आणि लवलवती होते आणि भांड्यांच्या बुडाला काजळी धरते.

माझ्याकडे हे दूध उतू गेल्यामुळे झाले होते. दोन लिटर दुधाचे पातेले मोठ्या बर्नरवर होते आणि उतू गेलेले दूध बर्नरच्या एकाच अंगावर सांडले. मी वरून ओल्या फडक्याने पुसून घेतले आणि बर्नर पुन्हा पेटवला. चूक तिथेच झाली, कारण भोकांत शिरलेले दूध त्या आचेने जळून घट्ट बसले. भाताची पेज आणि कुकरच्या शिट्टीबरोबर उडणारे डाळीचे पाणी यांचेही असेच होते. हा थर जळून कोळसा झालेला असल्यामुळे लिंबाने तो विरघळत नाही. लिंबाने पितळेवरचा काळपटपणा जातो, बर्नर चकचकीत दिसतो आणि भोके मात्र होती तशीच बुजलेली राहतात. तुमच्याकडेही बहुधा हेच झाले असावे. शिवाय लिंबू आणि सोडा एकत्र टाकल्यावर जो फेस येतो, त्यात दोघेही एकमेकांना निष्प्रभ करतात, म्हणून मी ते कधीच एकत्र वापरत नाही.

कामाला लागण्यापूर्वी रेग्युलेटर बंद करावा आणि बर्नर पूर्ण गार होऊ द्यावा. त्यानंतर तो उचलून खिडकीच्या उजेडासमोर पालथा धरावा आणि खालच्या पोकळ बाजूने आत पाहावे. मोकळे भोक उजेडाचा ठिपका होऊन दिसते आणि बुजलेले भोक दिसतच नाही. माझ्या बर्नरच्या कडेची सलग अकरा भोके अशी अंधारी होती आणि त्यांच्या शेजारच्या चार-पाच भोकांतून उजेडाची नुसती रेघ येत होती. या तपासणीला एक मिनिट पुरते, पण नेमके कुठे काम करायचे आहे ते तिच्यामुळेच कळते.

आता बर्नर भांडी घासण्याच्या साबणाचे थोडे पाणी घातलेल्या कढत पाण्यात अर्धा तास बुडवून ठेवावा. पितळी बर्नर असेल तर त्या पाण्यात चमचाभर धुण्याचा सोडा घातल्यास चिकट थर लवकर सुटतो, मात्र ॲल्युमिनियमचा भाग त्यात घालू नये, कारण सोड्याने तो खाल्ला जातो. थर मऊ झाला की भोकापेक्षा बारीक अशी हातशिलाईची सुई किंवा टाचणी घ्यावी. बहुतेक जण ती बाहेरून खुपसतात आणि सुटलेला कचरा आत पडतो. तो तसाच राहिला तर काही दिवसांनी त्याच भोकांशी पुन्हा येऊन बसतो. म्हणून जिथे हात पोचतो तिथे सुई आतल्या बाजूने बाहेर सरकवावी. जिथे पोचत नाही तिथे बर्नर पालथा धरून, म्हणजे पोकळ बाजू खाली ठेवून, बाहेरून टोचावे आणि दर चार-पाच भोकांनंतर तो लाकडी पाटावर हलकेच आपटावा. काळे दाणे पाटावर पडताना दिसतात. सुई फिरवून भोक कोरू नये. लाकडी टूथपिक तर वापरूच नये, तिचे टोक मोडून आतच अडकते.

त्यानंतर नळाच्या धारेखाली बर्नर आतून-बाहेरून धुवावा आणि पुन्हा उजेडासमोर धरून पाहावा. माझी अकरापैकी नऊ भोके पहिल्या खेपेत मोकळी झाली आणि उरलेल्या दोन भोकांसाठी पुन्हा अर्धा तास कढत पाणी लागले. बर्नर वाळत असताना शेगडीतल्या नळीकडे लक्ष द्यावे. तिच्या तोंडाशीही तेच दूध साचलेले असते आणि कधी कधी आत कोळ्याचे जाळेही निघते. तारेला कोरडे फडके गुंडाळून नळी पुसून घ्यावी, पाणी ओतू नये. नळीच्या मागचा जेट मात्र सुईने टोचू नये. त्याचे भोक ठरावीक मापाचे असते आणि ते थोडेसे जरी मोठे झाले तरी गॅस जास्त येऊन ज्योत कायमची पिवळी होते. जेट बुजला असेल तर सगळी भोके पेटतात पण ज्योत चोहोबाजूंनी बारीक राहते. ते काम गॅस एजन्सीच्या मेकॅनिककडून करून घ्यावे.

बर्नर उन्हात दोन-तीन तास पालथा ठेवून पूर्ण वाळवावा, कारण भोकात राहिलेला पाण्याचा थेंबही ज्योत अडवतो. बसवताना तो खाचेत नीट बसला आहे ना, हे हलवून पाहावे. तिरका बसला तर कडेखालून ज्योत निघते आणि साफसफाईच वाया गेली असे वाटते. पेटवल्यावर पहिली काही मिनिटे ज्योतीत नारिंगी ठिणग्या दिसल्या तर घाबरू नये. सोड्याचा किंवा मिठाचा अंश राहिला की त्यातल्या सोडियममुळे असा रंग येतो आणि तो लवकरच नाहीसा होतो. खरी कसोटी भांड्याच्या बुडाशी असते. स्वच्छ स्टीलच्या पातेल्यात थोडे पाणी घालून ते पाच मिनिटे मोठ्या आचेवर ठेवावे आणि गार झाल्यावर बुडावरून पांढरा कागद फिरवावा. कागद काळा झाला नाही आणि प्रत्येक भोकाशी लहान, टोकदार निळी ज्योत दिसली, तर काम झाले.

सगळी भोके मोकळी असूनही ज्योत पिवळीच राहिली, तर दोष हवेच्या वाटेत किंवा जेटमध्ये आहे. गॅस बंद करताना बर्नरमध्ये वारंवार फट्ट असा आवाज येत असेल, तर वर्षानुवर्षे टोचून आणि झिजून भोके मोठी झाली आहेत असे समजावे आणि त्याच मापाचा नवा बर्नर आणावा. जुना बर्नर दुकानात बरोबर न्यावा, कारण वरून सारख्या दिसणाऱ्या दोन बर्नरांची बैठक पुष्कळदा वेगळी असते.