‘सविस्तर उत्तर लिहा’ म्हणजे किती लिहायचं?

‘बारावी, इतिहास. सविस्तर उत्तराचा प्रश्न आला की मी दोन-अडीच पानं भरते, तरी पाचपैकी तीनच मिळतात. नेमकं किती लिहायचं?’

‘सविस्तर’ या शब्दाकडे बघू नका, उजवीकडच्या गुणांच्या आकड्याकडे बघा. मी नांदेडला शिकवतो, गठ्ठेही तपासतो. तपासताना पानं कोणी मोजत नाही. पाच गुणांच्या उत्तरात पाच वेगळे मुद्दे आहेत का, एवढं बघितलं जातं.

आपल्याकडचाच प्रश्न घ्या, हैदराबाद मुक्तिसंग्राम. दोन गुणांना विचारला तर चार-पाच ओळी पुरतात: निजामाने भारतात विलीन व्हायला नकार दिला, स्टेट काँग्रेसने लढा दिला, १३ सप्टेंबर १९४८ ला पोलीस कारवाई सुरू झाली, १७ ला निजाम शरण आला. इथे काय झालं एवढंच हवं असतं.

तोच प्रश्न पाच गुणांना आला की घटना त्याच राहतात, पण एकीतून दुसरी कशी निघाली हे सांगावं लागतं. संस्थानात तेलंगणा, मराठवाडा आणि कन्नड भाषक भाग होता, आणि निजामाला ते स्वतंत्र ठेवायचं होतं, हा पहिला मुद्दा. स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नेतृत्वाखाली स्टेट काँग्रेसने सत्याग्रह केला, हा दुसरा. लढा दडपायला कासीम रझवीच्या रझाकारांनी जनतेवर अत्याचार केले, हा तिसरा. नोव्हेंबर १९४७ मध्ये जैसे थे करार झाला, तरी तणाव निवळला नाही आणि वाटाघाटी फिसकटल्या, हा चौथा. म्हणून भारत सरकारने कारवाई केली आणि संस्थान विलीन झालं, हा पाचवा. प्रत्येकाला चार ओळी धरल्या तर एक-सव्वा पानात काम होतं.

तुमची अडीच पानं बहुतेक तिसऱ्या मुद्द्यावर जात असतील. घरी आजी-आजोबांकडून रझाकारांच्या गोष्टी ऐकलेल्या असतात, त्यामुळे आमच्याकडची पोरं तिथे दीड पान रंगवतात. वाचायला बरं वाटतं, पण त्याला एकच गुण असतो. वर जैसे थे करार राहूनच जातो.

हे घरी तपासता येतं. जुनं उत्तर काढा आणि प्रत्येक परिच्छेदाच्या समासात त्यातली नवी गोष्ट दोन-तीन शब्दांत लिहा. दोन परिच्छेदांसमोर तेच शब्द आले तर त्यातला एक फुकट गेला. प्रस्तावनेसमोर काहीच लिहिता येत नसेल तर ती काढून टाका.

प्रश्नाखाली उपमुद्दे दिलेले असतील तर मात्र विभागणी त्यांच्यावरच करा. चारांपैकी एक सुटला तर बाकीचे तीन कितीही फुगवा, त्याचे गुण मिळत नाहीत.

वेळेचं म्हणाल तर ८० गुणांना तीन तास, म्हणजे गुणाला दोन मिनिटं धरून वीस मिनिटं उरतात. पाच गुणांच्या प्रश्नाला दहा मिनिटं झाली की वाक्य पूर्ण करा, खाली थोडी जागा सोडा आणि पुढचा प्रश्न घ्या.