नियमावली कपाटापासून लिहायला घ्या

मॅडम, शाळेच्या प्रयोगशाळेची सुरक्षा नियमावली कशी लिहायची, असं तुम्ही विचारलंत. पहिल्याच वर्षी चाळीस नियम लिहू नका, मुलं वाचत नाहीत. आधी रसायनांचं कपाट उघडून बघा. बाटल्यांवर पांढरी भुकटी बसली असेल, तर हायड्रोक्लोरिक आम्ल आणि अमोनिया एकाच कपाटात आहेत. दोघांच्या वाफा मिळून अमोनियम क्लोराइड बनतं. नवीन माणूस बाटल्या एबीसीडीप्रमाणे लावतो आणि नेमकी इथेच चूक होते. आम्लं खालच्या फळीवर, प्लास्टिकच्या ट्रेमध्ये ठेवा. नायट्रिक आम्ल स्पिरिटपासून आणि ॲसेटिक आम्लापासून वेगळं ठेवा.

अमोनियाबद्दल नागपूरसाठी वेगळी ओळ लिहाच. २५ टक्क्यांचं द्रावण साधारण ३८ अंशांवर उकळू लागतं आणि आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ पर्यंत जातो. बंद खोलीत बाटलीत दाब साठतो. जूनमध्ये शाळा उघडल्यावर मी अशी बाटली थेट उघडली होती. फवारा चेहऱ्याशेजारून गेला. म्हणून आधी बाटली अर्धा तास थंड पाण्यात ठेवायची. मग चष्मा लावून, खिडकीपाशी, तोंड बाजूला करून झाकण हळू सैल करायचं.

डोळ्यात किंवा अंगावर उडालं तर:
- लगेच वाहतं पाणी, किमान १५ मिनिटं. आम्लावर सोडा चोळायचा नाही.
- भिजलेले कपडे धुता धुताच काढायचे.
- डोळ्यात गेलं असेल तर धुऊन झाल्यावर दवाखाना, सोबत बाटलीचं लेबल.

नियमावलीवर सही घेण्याआधी प्रत्येकाला विचारा, “जवळचा नळ कुठला?” बोट दाखवता आलं, तरच सही.