लाइन लीडर चेष्टा करतो, बाकीचे गप्प बसतात

“कारखान्यात लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती आहे, पोस्टरही लावलंय. पण कुणाला त्रास होताना दिसला तरी बघणारे गप्पच. यावर तासाभराचं सत्र घ्यायचंय. लोक हसण्यावारी नेतील किंवा कुणाचं खरं प्रकरण सगळ्यांसमोर निघेल, अशी धास्ती वाटते.”

चाकणजवळच्या एका कारखान्यासाठी मी असंच सत्र आखलं होतं. सुपरवायझर आणि लाइन लीडर यांची तुकडी वेगळी ठेवली. साहेब समोर बसलेला असताना कामगार खरं बोलत नाही.

सुरुवातीलाच नियम सांगितले. खऱ्या माणसाचं नाव घ्यायचं नाही, “तुझ्यासोबत घडलंय का?” असं कुणी कुणाला विचारायचं नाही, आणि कारण न सांगता बाहेर जाता येईल. हे सत्र म्हणजे तक्रार नोंदवण्याची जागा नाही, हेही स्पष्ट केलं. तरीही कुणी स्वतःचं सांगू लागलंच, तर मी तिथेच हळुवार थांबवते, सत्रानंतर एकटीला भेटते आणि समितीकडे घटनेपासून 3 महिन्यांत लेखी तक्रार करता येते हे सांगते.

प्रसंग एकच घेतला. चहाच्या सुट्टीत लाइन लीडर नव्या ट्रेनी मुलीच्या कपड्यांवरून बोलतो, दोघे हसतात, ती मान खाली घालते. त्रास देणाऱ्याची भूमिका मी कुणालाच करू देत नाही. हशा तिथूनच सुरू होतो. प्रसंग वाचून दाखवायचा आणि विचारायचं, “तुम्ही शेजारी उभे आहात. तुमच्या तोंडून पहिलं वाक्य कोणतं निघेल?”

पहिल्या फेरीत बहुतेक जण म्हणाले, “तोंडावर सुनावू.” सगळे असं म्हणाले की समजावं, अजून खरं बोलणं सुरू झालेलं नाही. मग मी एक ओळ वाढवली: तुमचा ओव्हरटाइम हाच माणूस ठरवतो. खोली शांत झाली आणि नंतर कामाची उत्तरं आली. एक जण म्हणाला, “मी तिला हाक मारीन, ‘जरा ये, हा गेज बघ.’” म्हणजे तिला तिथून बाहेर काढायचं. दुसरीने नंतरचं वाक्य दिलं: “मी ऐकलं. तुला काय करावंसं वाटतंय? मी सोबत येते.” हे वाक्य सगळ्यांकडून जोडीजोडीने मोठ्याने म्हणवून घेतलं, कारण ऐन वेळी जीभ अडखळते. मोबाइलवर चित्रण करायचं का, हा प्रश्न हमखास येतो. तिला विचारल्याशिवाय ते कुठेही पाठवायचं नाही.

1968 मध्ये लाताने आणि डार्ली या मानसशास्त्रज्ञांनी एका प्रयोगात लोक बसलेल्या खोलीत धूर सोडून पाहिला. एकटे असलेल्यांपैकी 75 टक्क्यांनी तो कळवला. सोबत दोघे मुद्दाम गप्प बसलेले असताना फक्त 10 टक्क्यांनी. हे मी शेवटी सांगते, आधी सांगितलं तर व्याख्यान होतं.

शेवटची पाच मिनिटं समितीतल्या सदस्यांसाठी ठेवा. त्यांची नावं आणि फोन क्रमांक छापलेलं कार्ड प्रत्येकाच्या हातात द्या. त्याआधी विचारून पाहा, किती जणांना ती नावं ठाऊक आहेत. चाकणला बहुतेकांना एकही सांगता आलं नाही.