स्टॉलचा कोन कोणता धरायचा?

अंधेरीच्या आमच्या कॉलेजच्या विंड टनेलमध्ये NACA 0012 चं रीडिंग घेतलं. लिफ्ट कोइफिशंट 4° ला 0.40, 8° ला 0.80, 10° ला 0.94, 12° ला 1.00, 14° ला 0.78. स्टॉल 10° ला की 12° ला?

12° च्या आसपास. 8° पर्यंत रेघ सरळ आहे, दर अंशाला 0.1. त्या हिशेबाने 10° ला 1.00 यायला हवं होतं, म्हणजे तिथे मागच्या कडेपाशी हवा पृष्ठभाग सोडू लागली. पण लिफ्ट अजून वाढतेय, म्हणून तो स्टॉल नव्हे. शिखरानंतर लिफ्ट घसरते, तिथे स्टॉल.

खात्री ड्रॅगवरून करा: 12° नंतर तो एकदम उसळलेला दिसेल. नसेल, तर आधी बॅलन्स तपासा. खरं शिखर 10° ते 14° मध्ये कुठेही असू शकतं, तेवढा भाग अर्ध्या-अर्ध्या अंशाने पुन्हा घ्या. पुस्तकात 16° दिसलं तर घाबरू नका, ते बऱ्याच मोठ्या रेनॉल्ड्स नंबरचं असतं.