छेदात s²+2s+5 आलं की sin चा आकडा का चुकतो

*प्रश्न: व्यस्त लाप्लास काढताना पार्शल फ्रॅक्शनमध्ये छेदात s²+2s+5 सारखं न फुटणारं पद आलं की A, B, C बरोबर येतात, पण शेवटचं f(t) पुस्तकाशी जुळत नाही. कव्हर-अप पद्धत इथे चालते का? एम-थ्रीचा पेपर पुढच्या आठवड्यात आहे.*

A, B, C बरोबर येत असतील तर चूक पार्शल फ्रॅक्शनमध्ये नाहीच. ती त्यानंतरच्या एका ओळीत आहे. त्याच ओळीवरून मी वर्गात उभा राहून सरांशी वाद घातला होता आणि त्याचे मार्क मला आजवर परत मिळालेले नाहीत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मी डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला आलेला. लाप्लास वर्गातल्या बाकीच्यांइतकाच मलाही नवा होता, पण स्प्रिंग, डॅम्पर हे हाताळलेलं होतं. ट्युटोरियलला सरांनी फळ्यावर हे गणित घेतलं:

F(s) = 10 / [s(s²+2s+5)]

A/s + (Bs+C)/(s²+2s+5) अशी मांडणी केली. A साठी s झाकायचा आणि उरलेल्यात s = 0 टाकायचं, म्हणजे 10/5 = 2. मग 10 = 2(s²+2s+5) + s(Bs+C). s² चे सहगुणक जुळवले तर B = −2, s चे जुळवले तर C = −4. इथपर्यंत सगळं बरोबर. राहिलं ते 2/s − (2s+4)/(s²+2s+5). छेद (s+1)²+2² असा लिहिला, तेही बरोबर.

मग सरांनी अंश तसाच ठेवून फोडला. 2s चा cos केला, 4 चा sin केला, छेदात s+1 आहे म्हणून दोघांना e^(−t) ने गुणलं आणि लिहिलं:

f(t) = 2 − 2e^(−t)cos2t − 2e^(−t)sin2t

तुझी चूक बहुतेक हीच असणार. e^(−t)cos2t मिळायला अंशात s चालत नाही, s+1 च लागतो. छेद सरकवला की अंशही तेवढाच सरकवावा लागतो. म्हणजे 2s+4 हे आधी 2(s+1)+2 असं लिहायचं. आता 2(s+1) मधून 2e^(−t)cos2t येतो. उरलेल्या 2 मधून e^(−t)sin2t येतो, कारण sin च्या सूत्रात अंशावर 2 हवाच असतो आणि तो इथे तयार आहे. बरोबर उत्तर:

f(t) = 2 − 2e^(−t)cos2t − e^(−t)sin2t

फरक फक्त sin च्या सहगुणकात आहे. म्हणूनच ही चूक डोळ्यांना दिसत नाही. t = 0 टाकलं तर दोन्ही उत्तरं शून्य देतात, t खूप मोठा घेतला तर दोन्ही 2 वर येतात.

मला ती वेगळ्या वाटेने दिसली. हे गणित म्हणजे 1 किलोचं वस्तुमान, 5 न्यूटन प्रति मीटरची स्प्रिंग, 2 चा डॅम्पर, आणि स्थिर असताना अचानक लावलेलं 10 न्यूटनचं बल. शेवटी स्प्रिंग 10/5 = 2 मीटर ताणली जाणार, तो उत्तरातला 2. मी कॅल्क्युलेटरवर सहज t = 0.1 टाकून पाहिलं (रेडियन मोडमध्ये, हे विसरू नकोस), तर फळ्यावरचं उत्तर आलं −0.13. पुढे ढकललेली वस्तू आधी तेरा सेंटीमीटर मागे सरकते? मी उठून म्हणालो, "सर, वस्तुमान उलट्या दिशेला चाललंय." सर म्हणाले, "हे गणित आहे, यात वस्तुमान कुठून आलं? ते वर्कशॉपमध्ये सांगायचं." वर्ग हसला. पुढे अंतर्गत परीक्षेत हेच गणित आलं, मी बरोबर उत्तर लिहिलं आणि ते नमुना उत्तराशी जुळत नाही म्हणून मार्क कापले गेले. दाखवायला गेलो तर "सगळ्यांचं तेच आलंय" असं ऐकून परत आलो.

त्या दिवसापासून माझं ठाम मत आहे की व्यस्त लाप्लास काढून न तपासणं म्हणजे गणित अर्धवट सोडणं. तपासणी एका मिनिटाची आहे. f(0) म्हणजे s अनंताकडे जाताना sF(s) ची किंमत. f(0) शून्य असेल तर सुरुवातीचा उतार f'(0) म्हणजे s²F(s) ची किंमत. इथे छेद तिसऱ्या घाताचा आणि अंश नुसता 10, म्हणून दोन्ही शून्य यायला हवेत. बरोबर उत्तराचा उतार t = 0 ला 2 − 2 = 0 येतो. फळ्यावरच्या उत्तराचा 2 − 4 = −2 येतो, म्हणजे स्थिर वस्तूला पहिल्याच क्षणी उलटा वेग. f(0) वर थांबलास तर चूक निसटते, उतार पाहिलास तर पकडली जाते. आणि याचा अर्थ कळायला वस्तुमान डोळ्यांसमोर लागतं, सर काहीही म्हणोत.

आता कव्हर-अप. चालते, न फुटणाऱ्या पदालाही चालते, फक्त मूळ संमिश्र घ्यावं लागतं. s = −1+2j हे मूळ, त्याचा अवयव झाकायचा आणि बाकीच्यात ही किंमत टाकायची: 10/[(−1+2j)(4j)] = −1+0.5j. वास्तव भागाची दुप्पट म्हणजे cos चा सहगुणक, −2. काल्पनिक भागाची दुप्पट, चिन्ह उलटं करून, म्हणजे sin चा सहगुणक, −1. e^(−t) मुळातूनच येतो, त्यामुळे अंश सरकवायचं विसरण्याचा प्रश्नच उरत नाही. मी आजही असंच करतो. "हा शॉर्टकट आहे, गणित नाही" असंही मला ऐकवलं गेलंय. ऑलिव्हर हेविसाइड, ज्याच्या नावाने ही पद्धत ओळखली जाते, तो शाळा लवकर सोडून तार कंपनीत काम केलेला माणूस होता, आणि त्याच्या क्रियाकारकांवरच्या लेखमालेचा पुढचा भाग रॉयल सोसायटीनेही नाकारला होता. झाकून काढणं पूर्णपणे शुद्ध आहे: दोन्ही बाजूंना अवयवाने गुणायचं आणि सीमा घ्यायची. पेपरात ही एक ओळ लिहिलीस तर मार्क कापायला जागा राहत नाही.

दोन गोष्टी राहिल्या. छेदात (s+1)² सारखा पुनरावृत्त अवयव असेल तर झाकून फक्त वरच्या घाताचा सहगुणक मिळतो, 1/(s+1) चा मिळत नाही. तो विकलनाने किंवा तुलनेने काढ, किंवा sF(s) ची अनंताकडची किंमत जुळवून. आणि अंशाचा घात छेदाइतका किंवा जास्त असेल तर आधी भागाकार कर. तो केल्याशिवाय वरची f(0) ची तपासणीही लागू होत नाही.