श्रवणयंत्रांचे पैसे पगारात गेले, आता काय?

प्रश्न : आमचा नोंदणीकृत सार्वजनिक न्यास आहे. आम्ही कर्णबधिर मुलांची शाळा चालवतो आणि मी न्यासाचा सचिव आहे. मागच्या वर्षी एका देणगीदारांनी फक्त श्रवणयंत्रांसाठी १२ लाख रुपये दिले, तसे पत्रही दिले. आजवर ५ लाखांची यंत्रे घेतली. शाळेच्या छताच्या दुरुस्तीसाठी आवाहन करून ३ लाख ४० हजार जमवले, त्यातले २ लाख १० हजार खर्च झाले. सगळे पैसे एकाच बँक खात्यात असतात. शासनाचे अनुदान रखडल्यामुळे श्रवणयंत्रांच्या पैशांतून केलेली मुदत ठेव मोडून पगार भागवले. आता खात्यात ४ लाख २० हजार आहेत आणि देणगीदार हिशेब मागत आहेत. खजिनदार म्हणतात, मागच्या तारखेचा ‘अंतर्गत उसनवारी’चा ठराव लिहून ठेवू. ते चालेल का?

उत्तर : मागच्या तारखेचा ठराव अजिबात लिहू नका. आज तुमच्या हातून झाली आहे ती चूक आहे. पगार मुलांच्याच शिक्षकांना गेला, कोणी खिशात घातला नाही, हे तुम्हाला सांगता येते. खोटे इतिवृत्त तयार झाले की तेच सांगणे अवघड होते, कारण पहिला प्रश्न हेतूचा येतो.

खरी तारीख घातली तरी तो ठराव कामाचा नाही, आणि याचे कारण नीट समजून घ्या. ‘यंदा २ लाख इमारत निधीसाठी बाजूला ठेवू’ असे विश्वस्तांनी स्वतः ठरवले, तर ते पैसे न्यासाच्या सर्वसाधारण निधीतलेच असतात आणि पुढच्या सभेत तो ठराव फिरवता येतो. देणगीदाराने हेतू सांगून दिलेल्या पैशांवरचे बंधन मात्र बाहेरून आलेले असते. ते विश्वस्तांनी घातलेले नाही, त्यामुळे विश्वस्तांना सोडवता येत नाही, मग ठराव एकमताचा असला तरी. छतासाठी आवाहन करून जमवलेल्या पैशांनाही हाच नियम लागू आहे. तिथे पत्र नाही, पण आवाहनाचा मजकूर हेच बंधन.

आता नेमके किती कमी पडतात ते पाहू. श्रवणयंत्रांच्या १२ लाखांतून ५ लाख गेले, उरायला हवेत ७ लाख. मोडलेल्या ठेवीवर मिळालेले व्याज पासबुकात पाहा. समजा ते ३६ हजार आहे. पत्रात व्याजाबद्दल वेगळे काही नसेल तर ते मूळ निधीमागे जाते, म्हणजे श्रवणयंत्रांचेच झाले. छताचे १ लाख ३० हजार शिल्लक हवेत. बेरीज ८ लाख ६६ हजार. खात्यात आहेत ४ लाख २० हजार. म्हणजे ४ लाख ४६ हजारांची तूट आहे आणि तुमचा सर्वसाधारण निधी तेवढाच उणे आहे. हा पडताळा दर महिन्याला करायला पाच मिनिटे लागतात : बंधन असलेल्या सगळ्या निधींच्या शिलकेची बेरीज बँक आणि ठेवींच्या रकमेपेक्षा जास्त निघाली, की कोणाचे तरी पैसे दुसऱ्याच कामाला गेले आहेत. वेगळे बँक खाते असेल तर हे लवकर दिसते, म्हणून ते उघडाच. पण निधीनुसार खतावणी ठेवली असती तर एका खात्यातही ते दिसले असते.

माझा अंदाज आहे की चुकीची सुरुवात पगाराच्या महिन्यात झालेली नाही. मागच्या वर्षीचे उत्पन्न-खर्च पत्रक काढून बघा. १२ लाखांची सगळी रक्कम ‘देणग्या’ म्हणून उत्पन्नात घेतलेली असेल. असे मी वारंवार पाहतो. त्या वर्षी यंत्रांवर ३ लाख खर्च झाले आणि पत्रकात ४ लाख शिल्लक दिसली, असे धरा. त्या शिलकेत न वापरलेले ९ लाख मिसळलेले आहेत. ते काढले तर न्यासाच्या स्वतःच्या कारभारात ५ लाखांची तूट होती. विश्वस्तांनी मात्र ४ लाख नफ्यात आहोत असे समजून वर्षभर खर्चाचे निर्णय घेतले.

बरोबर नोंद अशी : रक्कम आली की बँक नावे, ‘श्रवणयंत्र निधी’ जमा. हा निधी ताळेबंदात ‘इतर राखीव निधी’ या गटात दिसतो, उत्पन्नात नाही. यंत्रे घेतली की तेवढी रक्कम निधीच्या नावे पडते. मागच्या वर्षीचे हिशेब तपासून सादर झाले असतील, तर ते पुन्हा उघडू नका. तुमच्या सीएंशी बोलून चालू वर्षात ९ लाख संचित शिलकेतून निधीत वळवा, यंदाचा २ लाखांचा यंत्रखर्च निधीला लावा आणि हिशेबाला टीप जोडून हे उघड सांगा. एक सावधगिरी : काही खजिनदार अशी रक्कम ‘कायम निधी’ म्हणजे कॉर्पसमध्ये टाकून मोकळे होतात. कायम निधीसाठी देणगीदाराने तसे स्पष्ट सांगितलेले लागते. तुमच्या पत्रात यंत्रे घ्या असे आहे, म्हणजे खर्च करा असे आहे. तिथे टाकले तर आयकरात नवा प्रश्न उभा राहील.

तूट कशी भरायची? अनुदान पगारासाठीचे आहे आणि ज्या महिन्यांचे पगार तुम्ही आधीच दिले त्यांचीच ती भरपाई असेल, तर ते आल्यावर पहिले ४ लाख ४६ हजार निधीत जायला हवेत. येणे असलेले अनुदान म्हणजे हातातले पैसे नव्हेत, म्हणून तोवर तूट उभीच आहे. सभा आजच्या तारखेने घ्या. किती रक्कम, कोणत्या महिन्यांत, कशासाठी वापरली आणि कधीपर्यंत परत करणार, एवढे इतिवृत्तात लिहा. आज खात्यात असलेले ४ लाख २० हजार वेगळ्या खात्यात हलवा आणि त्यातून पगार देणे बंद करा. पुढचा पगार कुठून द्यायचा हा प्रश्न त्याच सभेत येईल. त्याचे उत्तर सर्वसाधारण देणग्यांत किंवा विश्वस्तांच्या बिनव्याजी मदतीत शोधा. मात्र न्यासाने कर्ज घ्यायचे झाले तर धर्मादाय आयुक्तांची मंजुरी आधी लागते आणि विश्वस्ताकडून घेतले तरी ते कर्जच असते.

देणगीदारांना हिशेब लेखी द्या, तूट लपवू नका. बहुतेकदा त्यांना पैसे परत मागण्याचा हक्क नसतो, कारण देणगी दिल्यावर ती न्यासाची झाली. पण ते धर्मादाय आयुक्तांकडे तक्रार करू शकतात. लेखापरीक्षकांनाही न्यासाचा पैसा भलत्या हेतूला गेला असेल तर अहवालात नमूद करावे लागते. पुढे महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम ४० आणि ४१ खाली चौकशी होऊन नुकसान विश्वस्तांनी पदरचे भरून द्यावे असा आदेशही होऊ शकतो. देणगीदारांनी स्वतःहून हेतू बदलायला मान्यता दिली तर ती लेखी घ्या, आणि ती रक्कम वापरण्याआधी घ्या. छताच्या पैशांना मात्र अशी सोय नाही. शेकडो लोकांची मान्यता कोण आणणार? काम झाल्यावर त्यातले काही उरले, तर ते दुसरीकडे वळवण्याआधी धर्मादाय आयुक्तांकडे जावे लागेल.